डेल्टा-ई एकच्या खाली, तरी पांढरा गुलाबी

"मॉनिटर कारखान्यातूनच कॅलिब्रेट होऊन येतो, सोबत रिपोर्टही असतो. तरी शंका असेल तर त्याच मॉडेलचं प्रोफाइल नेटवरून उतरवून टाका. फारच हौस असेल तर रंग मोजणारा कुठलाही कलरीमीटर लावा. डेल्टा-ई एकच्या खाली आला की स्क्रीनवरचा रंग डोळे झाकून खरा माना."

हा सल्ला सर्रास ऐकू येतो. त्यातला डेल्टा-ई म्हणजे मोजलेला रंग अपेक्षित रंगापासून किती दूर आहे, त्याचा आकडा. कारखान्याचा रिपोर्ट खोटा नसतो, पण तो त्या दिवसाचा आणि त्या मोडचा असतो. तुम्ही मोड किंवा रंगाची सेटिंग बदललीत की तो लागू राहत नाही, आणि वापराबरोबर बॅकलाइटही मंदावतो.

उतरवलेलं प्रोफाइल तर त्याहून वाईट. ते दुसऱ्याच्या पॅनेलचं, त्याच्या सेटिंगचं वर्णन असतं. फोटोशॉप त्यावर विश्वास ठेवून तुमच्या स्क्रीनमध्ये नसलेला दोष दुरुस्त करायला जातं. त्यापेक्षा प्रोफाइल न टाकलेलं बरं.

खरी मेख तिसऱ्या मुद्द्यात आहे. कलरीमीटरमधले फिल्टर माणसाच्या डोळ्याची प्रमाणित संवेदनशीलता जवळपास गाठतात, तंतोतंत नाही. उरलेली चूक किती, हे समोरच्या प्रकाशाच्या स्पेक्ट्रमवर ठरतं. साध्या पांढऱ्या एलईडीच्या पॅनेलवर बरोबर मोजणारं मीटर जास्त गडद रंग दाखवणाऱ्या वाइड-गॅमट पॅनेलवर चुकू शकतं, कारण तिथे हिरव्या-लाल प्रकाशाची शिखरं वेगळ्या जागी आणि अरुंद असतात.

समजा, अशा पॅनेलवर मीटर हिरवा थोडा जास्त मोजतंय. तुमचं लक्ष्य डी६५ हा प्रमाणित पांढरा, म्हणजे रंगांच्या आलेखावर x ०.३१२७ आणि y ०.३२९०. आकडे जुळवायला सॉफ्टवेअर हिरवा खाली ओढतं आणि पांढरा गुलाबीकडे झुकतो. मग तुम्ही पडताळणी करता, त्याच मीटरने! ते तीच चूक पुन्हा करतं, त्यामुळे डेल्टा-ई झकास येतो. त्या आकड्यातून मीटर स्वतःशी सुसंगत आहे आणि स्क्रीन लक्ष्याला धरून आहे, एवढंच कळतं. मीटर बरोबर आहे का, हे कळत नाही.

उपाय डिस्प्लेकॅल या कॅलिब्रेशनच्या सॉफ्टवेअरमधल्या 'Correction' या रकान्यात आहे. तिथे पॅनेलच्या जातीची `.ccss` फाइल निवडायची. तिच्यात त्या प्रकारच्या पॅनेलचा स्पेक्ट्रम असतो, पण ती चालायला मीटरच्या सेन्सरची संवेदनशीलता मीटरमध्येच नोंदलेली लागते. आय-वन डिस्प्ले प्रो या मीटरमध्ये ती असते. `.ccmx` मात्र एका मीटर-पॅनेल जोडीसाठी स्पेक्ट्रोमीटरशी ताडून काढलेली असते. ती उसनी घेताना दोन्ही बाजू जुळतात का, ते पाहा. मग स्क्रीन अर्धा तास तापू द्या आणि १२० कॅन्डेला प्रति चौरस मीटर, गॅमा २.२ वर नव्याने मोजा. आधीची निवड चुकली होती का, हे पाहायला करेक्शन बदलून त्याच पांढऱ्याचं वाचन घ्या. y लक्षणीय सरकला, तर आधीचा झकास रिपोर्ट कशावर उभा होता ते दिसतं.

एक मर्यादा राहतेच. शेजारी ओएलईडी ठेवला तर दोन्हींचे x, y सारखे असूनही पांढरे वेगळे दिसू शकतात, कारण x, y ज्यावरून काढतात तो प्रमाणित निरीक्षक म्हणजे सरासरी डोळा, तुमचा डोळा नव्हे. तिथे एका स्क्रीनचा व्हाइट पॉइंट डोळ्यांनी दुसऱ्याशी जुळवायचा आणि जुळलेले आकडेच लक्ष्य म्हणून कॅलिब्रेशनला द्यायचे.