‘शर्ह-ए दर्द-ए इश्तियाक़’: न लिहिलेला ‘ए’ कुठून येतो

प्रतिक्रिया: “मसनवी या रूमीच्या दीर्घकाव्याच्या छापील फारसी ओळीत शर्ह, दर्द, इश्तियाक़ हे तीन शब्द नुसते शेजारी आहेत. मधले दोन ‘ए’ तुम्ही तुमच्या पोस्टमध्ये पदरचे घातलेत. वर अर्थही शेवटच्या शब्दापासून उलटा लावलात.”

उत्तर: छापलेलं तुम्ही बरोबर पाहिलंत. दोन शब्दांना जोडणारा हा ‘ए’ म्हणजे इज़ाफ़त. व्यंजनान्त शब्दाला लागते तेव्हा ती फक्त ज़ेरची, म्हणजे अक्षराखालच्या तिरप्या रेघेची, खूण असते आणि छपाईत ती बहुधा गाळतात. तेव्हा ती ओळखायची वजनावरून आणि अर्थावरून. रूमीच्या मसनवीतला हा तिसराच शेर:

सीने ख़्वाहम शर्हे शर्हे अज़ फ़िराक़
ता बिगूयम शर्ह-ए दर्द-ए इश्तियाक़

गा म्हणजे गुरू आणि ल म्हणजे लघु धरलं तर वजन गालगागा गालगागा गालगा, म्हणजे आपल्या गझलकारांचं मेनका वृत्त. दुसरी ओळ फोडा: ता-बि-गू-यम, शर्-हे-दर्-दे, इश्-ति-याक़. पहिला ‘हे’ लघु पडतो, दुसरा ‘दे’ गुरू. इज़ाफ़तीला ही मुभा आहे, वजन मागेल तशी ती आखूड वा लांब होते.

आता ‘दर्द’चा ‘ए’ काढून पाहा. ‘द’ पुढच्या स्वरात मिसळला तर ‘दर्-दिश्-ति-याक़’ होऊन एक गुरू कमी पडतो. सुटा ठेवला तर गुरूच्या जागी लघु येतो. दोन्हीकडून ओळ लंगडते, म्हणजे तो ‘ए’ मी घातलेला नाही, ओळच मागते आहे.

‘शर्ह’चं तसं नाही. फारसी छंदात ‘शर्ह’ पुढे व्यंजन आलं की एकटाच गा-ल इतका मोजतात. म्हणून पहिला ‘ए’ खाल्ला तरी वजन बिघडत नाही आणि कानाला चूक कळत नाही. तिथे अर्थच विचारावा लागतो: ‘बिगूयम’ म्हणजे सांगू, पण काय? तर शर्ह, म्हणजे विवरण. पण कशाची शर्ह? हे ‘कशाची’ जोडायला ‘ए’ हवाच.

क्रमाचं म्हणाल तर फारसीत मुख्य नाम आधी येतं, मराठीत शेवटी. म्हणून साखळी शेपटाकडून सोडवायची: इश्तियाक़ म्हणजे ओढ, ओढीचं दुःख, ओढीच्या दुःखाचं विवरण. साखळीतल्या शेवटच्या नामाला ‘ए’ लागत नाही, तिथेच ती संपली हे कळतं. एक सावधगिरी मात्र हवी: पुढचा शब्द विशेषण असेल तर ‘चा-ची-चे’ लावू नका. ‘जान-ए पाक’ म्हणजे पवित्र जीव, ‘पवित्राचा जीव’ नव्हे.

पहिल्या ओळीतला ‘शर्हे शर्हे’ मात्र फसवा आहे. तो कानाला अगदी ‘शर्ह-ए’सारखाच लागतो, पण इज़ाफ़त नाही. शब्दच ‘शर्हे’, म्हणजे मांसाची चिरफळी, आणि त्याच्या शेवटी मूक ‘हे’ हे अक्षर लिहिलेलं असतं. विरहाने चिंध्या झालेली छाती हवी, मग ओढीच्या दुःखाचं विवरण सांगेन, असा तो श्लेष. देवनागरीत मी दोन्ही सारखेच लिहिले होते, ही चूक माझी. मूळ पोस्टमध्ये आता इज़ाफ़तीला सगळीकडे आडवी रेघ दिली आहे.

बाकी हा ‘ए’ आपल्याला परका नाही. सातबाऱ्यावरचं ‘मौजे अमुक’ म्हणजे ‘मौज़ा-ए अमुक’च.