रिफंड आला, पण व्याज कमी आलं? आधी हा हिशोब करा

आयकराचा रिफंड खात्यात जमा झाला की बहुतेक लोक सुटलो म्हणतात आणि विषय संपवतात. व्याज किती आलं, किती यायला हवं होतं, हे कुणी बघत नाही. मला हे मनापासून खटकतं. आपण कर उशिरा भरला तर सरकार दरमहा १ टक्का व्याज लावतं, आणि महिन्याचा एक दिवस झाला तरी अख्खा महिना धरतं. सरकारकडे आपला पैसा अडकला तर कलम २४४ए प्रमाणे आपल्याला दरमहा अर्धा टक्का मिळतो. दर निम्मा आहे, तो कायद्यानेच ठरवलाय, त्यावर भांडून उपयोग नाही. पण तो अर्धा टक्का तरी पूर्ण मिळाला पाहिजे की नाही?

आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त शिक्षकांचं उदाहरण घेऊ. कर-निर्धारण वर्ष २०२४-२५. सरांचा टीडीएस पेन्शन आणि एफडी मिळून १,०४,६१० रुपये कापला गेला होता. प्रत्यक्षात कर निघाला ५८,२४०. म्हणजे रिफंड ४६,३७०. रिटर्न २५ जुलै २०२४ ला, मुदतीच्या आत भरलेलं. कलम १४३(१) ची इंटिमेशन, म्हणजे रिटर्न तपासून विभागाने पाठवलेला हिशोब, १० डिसेंबर २०२४ ची. पैसे खात्यात आले १८ मार्च २०२५ ला. बँक खातं व्हॅलिडेट केलेलं, पॅन-आधार जोडलेलं, कुठेही सरांकडून राहिलेलं काही नव्हतं.

आता व्याज. टीडीएसचा रिफंड असेल आणि रिटर्न वेळेत भरलं असेल, तर व्याज १ एप्रिलपासून सुरू होतं. रिटर्नच्या तारखेपासून नाही. मुद्दल शंभराच्या पटीत खाली आणतात, म्हणजे ४६,३००. एप्रिल ते डिसेंबर नऊ महिने, साडेचार टक्के, म्हणजे साधारण २,०८३ रुपये. सरांना तेवढेच मिळाले, म्हणजे घड्याळ इंटिमेशनच्या महिन्यात थांबवलं गेलं. पण कायद्यात व्याज ‘रिफंड दिल्याच्या तारखेपर्यंत’ आहे, आणि सरांना रिफंड दिला गेला मार्चमध्ये. एप्रिल ते मार्च बारा महिने, सहा टक्के, म्हणजे २,७७८ रुपये. जवळपास सातशे रुपये कमी.

सातशे रुपयांसाठी कोण डोकं खपवणार, असं म्हणणारे भेटतात. हेच सातशे आपण विभागाला देणं लागलो असतो तर डिमांड नोटीस आली असती आणि न भरल्यास पुढच्या रिफंडमधून वळतेही झाले असते. म्हणून माझं मत ठाम आहे की मागायचे.

पण मागण्याआधी आपला हक्क खरोखर बसतो का हे तपासा, कारण तक्रार करणाऱ्यांपैकी बरेच जण इथेच अडकतात. रिफंड हा ठरलेल्या कराच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी असेल तर व्याज अजिबात मिळत नाही. कर ३ लाख आणि रिफंड २८ हजार असेल, तर शून्य व्याज बरोबरच आहे. उलट कर शून्य ठरला आणि सगळा टीडीएस परत यायचा असेल, तर ही अट आड येत नाही. सरांच्या बाबतीत दहा टक्के होतात ५,८२४, रिफंड त्याहून कितीतरी मोठा. रिटर्न मुदतीनंतर भरलं असेल तर टीडीएसवरचं व्याज रिटर्न भरल्याच्या तारखेपासून मोजतात. स्वतः भरलेल्या सेल्फ असेसमेंट टॅक्सवर ते रिटर्नची तारीख किंवा कर भरल्याची तारीख, यातली जी नंतरची असेल तिच्यापासून. आणि उशीर आपल्यामुळे झाला असेल, म्हणजे खातं चुकीचं दिलं म्हणून रिफंड परत गेला वगैरे, तर तेवढा काळ विभाग वगळू शकतो. पॅन निष्क्रिय असलेल्या काळाचंही व्याज मिळत नाही.

हे सगळं जमत असेल तर दोन कागद काढा. एक इंटिमेशन, ती पोर्टलवर `e-File > Income Tax Returns > View Filed Returns` मध्ये मिळते. तिच्यात २४४ए ची ओळ शोधा. दुसरा एआयएस, म्हणजे पोर्टलवरचं वार्षिक माहिती विवरण. त्यात दिलेल्या रिफंडचा तपशील असतो, त्यावरून रिफंड किती, व्याज किती आणि दिल्याची तारीख कोणती, हे ताडून बघा. खात्याच्या पासबुकाशीही जुळवा.

आता खरा मुद्दा, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. चूक कुठली आहे त्यावर दार ठरतं. इंटिमेशनच्या आतच चूक असेल, म्हणजे व्याज १ एप्रिलऐवजी दुसऱ्याच महिन्यापासून धरलंय, किंवा दहा टक्क्यांची अट लागू नसताना शून्य दाखवलंय, तर ती नोंदीवरून दिसणारी चूक आहे. तिच्यासाठी कलम १५४ चा दुरुस्ती अर्ज. `Services > Rectification` मध्ये जाऊन सीपीसीच्या, म्हणजे रिटर्न तपासणाऱ्या केंद्राच्या, आदेशासाठी `Reprocess the return` निवडायचं. मुदत आदेश ज्या आर्थिक वर्षात झाला ते संपल्यापासून चार वर्षं, आणि अर्ज आला तो महिना संपल्यापासून सहा महिन्यांत विभागाने निर्णय द्यायचा असतो. आदेश कर-निर्धारण अधिकाऱ्याचा असेल तर अर्ज त्यांच्याकडे.

सरांची गोष्ट वेगळी. १० डिसेंबरला इंटिमेशन निघाली तेव्हा तिच्यातला आकडा बरोबरच होता. कमी पडलं ते नंतर, पैसे मार्चपर्यंत न आल्यामुळे. इथे फक्त रिप्रोसेस मागितलं तर ‘चूक आढळली नाही’ असं उत्तर येण्याची शक्यता मोठी, शिवाय त्या पर्यायात आपली बाजू मांडायला जागाच नसते. म्हणून सरांसाठी मी `Grievances > Submit Grievance` चा रस्ता धरला, विभाग सीपीसी-आयटीआर, विषय रिफंड. वर्ष, रिटर्नचा पोचपावती क्रमांक, इंटिमेशनची तारीख, जमा झाल्याची तारीख, मुद्दल, महिने, देय व्याज, दिलेलं व्याज, फरक, एवढंच लिहिलं. सोबत पासबुकाचं पान आणि एआयएस. पाल्हाळ नाही, संताप नाही. ‘रिफंड लवकर द्या’ असं मोघम लिहिलंत तर उत्तरही मोघम येतं, ‘रिफंड अदा झाला आहे’, आणि तक्रार बंद. आकडे मांडले की ‘अदा झाला’ हे उत्तर पुरत नाही. तरीही तशीच बंद केली तर नव्याने लिहा आणि आधीच्या तक्रारीचा क्रमांक त्यात द्या. केंद्र सरकारच्या pgportal.gov.in वरही तीच मांडणी चालते. रक्कम लाखांत असेल तर मात्र सीए किंवा वकिलाला गाठा, तिथे उच्च न्यायालयापर्यंत जायचा मार्ग असतो.

आणि एक, विभागाने हे स्वतःच करायला हवं. पैसे कोणत्या तारखेला गेले हे त्यांच्या यंत्रणेला माहीत असतं, आदेशाची तारीखही माहीत असते. मधल्या महिन्यांचा फरक जोडायला नागरिकाने तक्रार का करावी? सत्तरीतल्या माणसाने पोर्टलवर लॉगिन करून अर्ध्या टक्क्याचं गणित का मांडावं?

मिळालेलं व्याज करपात्र आहे, हेही लक्षात असू द्या. ते ज्या आर्थिक वर्षात मिळालं त्या वर्षी ‘इतर स्रोतांपासूनचं उत्पन्न’ म्हणून दाखवायचं. सरांचे २,०८३ मार्च २०२५ मध्ये आले, म्हणून ते कर-निर्धारण वर्ष २०२५-२६ च्या रिटर्नमध्ये. फरकाचे पैसे ज्या वर्षी येतील, त्या वर्षात ते. मूळ रिफंड मात्र उत्पन्न नाही, तो आपलाच पैसा आहे.