सूचक: Redmi Note 10

गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं ४ लाख ८० हजारांचं काम मी मंजूर केलं, ही बातमी मला परवा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली. कमिटीच्या ऑनलाइन सभेचं इतिवृत्त आलं होतं. ठेकेदार निम्मे पैसे घेऊन फोन उचलेनासा झाल्यावर आलं, हा योगायोग समजू या. ठराव क्रमांक ४, सूचक: Redmi Note 10, अनुमोदक: Aaru's iPad, हजर सभासदांत माझं नाव ठळक. शेवटी एक ओळ: ‘ठेकेदाराचे काम मी बघतो, असे यांनी सांगितले.’ ‘यांनी’ म्हणजे मी.

मी म्हणालो होतो, ‘मी निघतो.’ सासूबाईंची गाडी स्टेशनात लागत होती. हे कारणही मी मोठ्याने सांगितलं होतं. सभेतलं बोलणं टिपणाऱ्या यंत्राने ‘निघतो’चं ‘बघतो’ केलं आणि सासूबाईंना वगळलं. दुसऱ्या गोष्टीबद्दल तक्रार नाही.

इतिवृत्त नानांनी केलं होतं. नाना सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, पण कचेरी अजून त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. सेक्रेटरींनी सभेचं रेकॉर्डिंग आणि त्यावरून यंत्राने उतरवलेला मजकूर त्यांना पाठवला आणि स्वतः हात झटकले. मी नानांना पार्किंगमध्ये गाठलं. ते स्कूटरवर बसले होते. ती सुरू होत नाही, पण बसायला त्यांना तीच लागते.

“नाना, हजेरी कशावरून लावलीत?”

“लेखी पुराव्यावरून. जो बोलला तो हजर. नाही बोलला तो गैरहजर.”

“मग काकूंना गैरहजर का दाखवलं? त्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत होत्या.”

“एक शब्द बोलल्या का?”

“म्यूटवर होत्या.”

“मग? तोंड दाखवणं म्हणजे हजेरी का?”

तेवढ्यात काकूच भाजीची पिशवी घेऊन आल्या. मला वाटलं, साक्षीदार मिळाला. त्या म्हणाल्या, “नाना, मला गैरहजरच राहू द्या हो. तो ठेकेदार पळाला म्हणतात ना?” आणि लिफ्टमध्ये शिरल्या.

खरी मेख इथे होती. आमची कमिटी ११ जणांची, गणपूर्ती ६ ची. त्या संध्याकाळी भर सभेत आम्ही ७ होतो. मी निघालो, राहिले ६. त्यातून काकू वजा केल्या की ५, म्हणजे ठराव क्रमांक ४ ला गणपूर्तीच नाही. काकूंना गप्प बसल्याबद्दल बाहेर काढलं, तर मला आत कोंडणं भागच होतं.

यंत्राच्या मजकुरात फक्त बोलणारे दिसतात. तेही माणूस म्हणून नव्हे, ज्या खात्यातून आवाज आला त्या खात्याच्या नावाने. म्हणून आमचे खजिनदार इतिहासात Redmi Note 10 म्हणून राहणार, आणि आरूच्या आयपॅडवरून अनुमोदन तिच्या बाबांनी दिलं की तिनेच, हे देव जाणे. कोण कधी आलं, कधी गेलं, हे वेगळ्या हजेरी-अहवालात असतं. तो सभा ज्याच्या खात्यावरून भरवली त्यालाच सहसा मिळतो. मी सेक्रेटरींच्या मागे लागून तो काढला. माझ्या नावापुढे स्वच्छ लिहिलेलं: प्रवेश ८:०३, निर्गमन ८:४९. मी कागद नानांच्या हातात दिला.

नानांनी चष्मा पुसला. “ठराव मजकुरात कुठे आहे? `00:41` ला. सभा आठची. म्हणजे ८ वाजून ४१ मिनिटं. तुम्ही गेलात ८:४९ ला. चांगली आठ मिनिटं बसून होतात. माझंच बरोबर.”

मी दिलेल्या कागदानेच माझा गळा धरला.

पण मजकुरातलं ते घड्याळ भिंतीवरचं नसतं. ते रेकॉर्डिंगचं बटण दाबल्यापासून चालू होतं. आणि आमच्या सभेची पहिली काही मिनिटं ‘आवाज येतोय का’, ‘येतोय, तुम्हाला येतोय का’ यात जातात. तेवढं झाल्यावर सेक्रेटरींना बटणाची आठवण होते. बटण नेमकं कधी दाबलं, हे शोधायला दोन्ही कागदांवर असलेली एखादी घटना लागते. ती मिळाली. मजकुरात `00:19` ला अध्यक्ष म्हणतात, “या नाना, या.” अहवालात नानांचा प्रवेश ८:३१. वजाबाकी केली, रेकॉर्डिंग सुरू झालं ८:१२ ला. म्हणून `00:41` चा ठराव ८:५३ चा. तेव्हा मी चार मिनिटांपूर्वी गेलेलो होतो.

“म्हणजे मी ८:३१ ला आलो असं तुमचं म्हणणं?” नाना एकदम स्कूटरवरून उतरले.

“माझं नाही, अहवालाचं.”

“अहो, मी नंतर पूर्ण रेकॉर्डिंग ऐकलं! पहिल्या शब्दापासून! तुमच्यापैकी कुणी ऐकलंय? खरा पूर्णवेळ हजर मीच.”

“मग ठराव १ आणि २ ची जबाबदारीही तुमची.”

नाना बराच वेळ विचारात पडले. मग हळूच म्हणाले, “असं करू. मला हजेरीपुरतं हजर लिहू आणि जबाबदारीपुरतं उशिरा आलेला.”

हसलो खरा, पण माझं डोकं तापलं होतं. कारण हा शोभेचा कागद नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७३ मध्ये कमिटीच्या निर्णयांची जबाबदारी सगळ्यांवर मिळून आणि प्रत्येकावर वेगवेगळीही ठेवली आहे. सुटकेच्या वाटा दोनच. हजर असाल आणि पटलं नसेल, तर विरोध इतिवृत्तात नोंदवून घ्यायचा. हवं तर सात दिवसांत निबंधकांनाही लेखी कळवायचं. नुसती मान हलवून किंवा कपाळाला आठ्या घालून विरोध होत नाही, यंत्राला तर आठ्या ऐकूही येत नाहीत. दुसरी वाट गैरहजर असलेल्याची. पण तिथे आणखी एक अट आहे: त्याने त्या सभेचं कामकाज नंतर कायमही केलेलं नसावं.

आता आमच्याकडे ‘मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे’ हा पहिला विषय कसा उरकतो? अध्यक्ष विचारतात, “सगळ्यांनी वाचलं ना?” सगळे “हो हो” म्हणतात. त्या ‘हो हो’त माझा एक ‘हो’ मिसळला, की ८:४९ ला निघून गेलेला मी ८:५३ च्या ठरावाला मागच्या दाराने परत आलो. म्हणून निघायची वेळ विषयाच्या बरोबर हवी: ‘विषय ३ नंतर, ८:४९ ला गेले, विषय ४ ला हजर ६.’ नावांच्या यादीपुढे मोघम ‘हजर’ लिहून भागत नाही. आणि हे साधं वाक्य लिहून घ्यायला मला वकिलासारखं भांडावं लागतं, तर ज्यांनी पैसे घालवले ते ग्रुपवर सुप्रभातची फुलं टाकतात!

काल नवा मसुदा आला. काकू हजर झाल्या आहेत आणि माझ्याशी बोलत नाहीत. नानांच्या नावापुढे ‘तांत्रिक कारणाने ८:३१ पासून’ असं आहे. माझ्यापुढे ‘८:४९ ला सभा सोडून गेले’, जणू पाय आपटत गेलो. आणि ‘काम मी बघतो’ जिथल्या तिथे.

“नाना, ही ओळ?”

“ती `00:37` ची आहे. तेव्हा तुम्ही होतात. तुमच्याच हिशेबाने.”

शेवटी लेखी पत्र दिलं: विषय ४ च्या वेळी मी नव्हतो, तेवढ्या भागाचं इतिवृत्त मी कायम करत नाही, आणि ‘बघतो’ हे ‘निघतो’ असं रेकॉर्डिंग ऐकून दुरुस्त करावं. सेक्रेटरींनी पत्र घेतलं. मी पोच मागितली.

“देतो ना,” ते म्हणाले, “पण शिक्का नानांकडे असतो.”