नाव बरोबर, आकडा चुकला

"नाव बरोबर टाकलं होतं, तरी पैसे दुसऱ्याच्या खात्यात गेले. बँक ते सरळ काढून का घेत नाही?"

ताई, एनईएफटी-आयएमपीएसमध्ये पैसे जमा होतात ते फक्त खाते क्रमांकावर, नाव जुळवलं जात नाही. आणि एकदा जमा झालेली रक्कम त्या खातेदाराच्या संमतीशिवाय बँक काढू शकत नाही.

गेल्या वर्षी सांगलीच्या मार्केट यार्डातल्या आमच्या हळदीच्या अडत्याला ३८,००० रुपये पाठवताना माझ्याकडून शेवटचे दोन आकडे उलटसुलट झाले. तो क्रमांक अस्तित्वातच नसता तर पैसे आपोआप परत आले असते, पण तो कुणाचातरी निघाला. मी त्याच दुपारी माझ्या शाखेत लेखी अर्ज दिला: तारीख, रक्कम, व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, चुकीचा आणि बरोबर खाते क्रमांक, आयएफएससी. अर्जाच्या प्रतीवर शिक्का घेतला. हा शिक्का फार महत्त्वाचा, नुसत्या फोनवर विसंबू नका. माझ्या बँकेने समोरच्या बँकेला कळवलं, त्यांनी खातेदाराला गाठलं. माणूस भला होता, संमतीपत्र दिलं आणि अकराव्या दिवशी पैसे आले.

खातेदाराने नकार दिला, तर भारतीय करार कायद्याचं कलम ७२ तुमच्या बाजूने आहे. चुकून मिळालेले पैसे परत करावेच लागतात. वकिलामार्फत नोटीस पाठवा. बँकेनेच अर्जावर ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा, तिथे शिक्क्याची ती प्रत जोडा.