गुन्हेगार नाही, नुसता नातेवाईक

काल रात्री नऊ वाजून चार मिनिटांनी माझ्या बगच्या तिकिटावरची, तो कोणत्या बदलामुळे आला हे सांगणारी लिंक कुणीतरी बदलली. मी `is caused by` लावली होती, तिथे आता `relates to` आहे. कमेंट नाही, निरोप नाही. आणि 'कुणीतरी' कोण ते मला पक्कं माहीत आहे, कारण तिकिटाची हिस्टरी काही विसरत नाही. मी मात्र हे विसरून जावं, अशी सगळ्यांची अपेक्षा दिसते.

झालं असं, की परवा रात्रीच्या रिग्रेशन रनमध्ये, म्हणजे नव्या बदलांनी जुनं काही मोडलं नाही ना हे बघणाऱ्या फेरीत, अकरा टेस्ट पडल्या. आदल्या रात्री सगळं हिरवं होतं आणि मधल्या दिवसात कोडमधले त्रेचाळीस बदल, म्हणजे कमिट, आत आले होते. अकरा टेस्ट म्हणजे अकरा तिकिटं, असं नव्याने आलेल्यांना वाटतं. मलाही वाटायचं, आणि मग एकाच चुकीची अकरा तिकिटं अकरा जणांकडे जाऊन अकरा वेळा परत यायची. म्हणून आधी एरर वाचून गठ्ठे करायचे. त्यातल्या नऊ टेस्ट एकाच जागी रडत होत्या. रिपोर्ट एक्स्पोर्ट केला की पहिल्या ओळीत भलतीच नोंद येत होती. नऊंचं मिळून एक तिकीट.

उरल्या दोन. त्या मी आदल्या रात्रीच्या हिरव्या बिल्डवर पुन्हा चालवल्या. ही पायरी लोक गाळतात आणि मग निष्पाप माणसांना छळतात. जो कोड काल पास झाला तोच आज नापास होत असेल, तर दोष कोडमधल्या नव्या बदलाचा नाही, बाहेरचा कशाचा तरी आहे. एक टेस्ट दुसऱ्या फेरीला मुकाट पास झाली, सर्व्हर तेव्हा दमला होता एवढंच. दुसरी मात्र परवाची तारीख लावून चालवल्यावर जुन्या कोडवरही पडली. ती आजच्या तारखेत एक महिना मिळवून पुढच्या महिन्यात तीच तारीख यावी असं धरून बसली होती. परवा 31 तारीख होती आणि पुढच्या महिन्यात 31 नव्हतीच. आता हे तिकीट कोणत्या बदलाला जोडायचं? कॅलेंडरला? लिंकची जागा रिकामी ठेवली, तर डॅशबोर्डवर ती लाल दिसते आणि स्टँडअपला मला विचारतात, 'एक लिंक राहिली का गं?'

असो. नऊंच्या गठ्ठ्याकडे येते. पहिला संशय कुणावर घ्यायचा? `git blame` लावलं, तर त्या टेस्टची ओळ शेवटची कुणी लिहिली ते कळलं. मी. दोन महिन्यांपूर्वी. नावातच ब्लेम असलेला कमांड शेवटचा हात कुणाचा लागला तेवढंच सांगतो, मोडलं कुणी ते नाही. पण आमच्या मॅनेजरांना त्यातलं माझं नाव तेवढं दिसलं. 'टेस्टच चुकीची नाही ना, एकदा बघून घ्या.' बघते. मी नेहमीच बघते.

मग बायसेक्ट. हिरवं टोक आणि लाल टोक सांगायचं, तो मधला कमिट काढून देतो. तिथे टेस्ट पास तर दोष पुढच्या अर्ध्यात, नापास तर मागच्या अर्ध्यात किंवा तो मधलाच चोर. त्रेचाळीस कमिटांना सहा फेऱ्या खूप झाल्या.

```
git bisect start <लाल> <हिरवा>
git bisect run ./check.sh
```

`check.sh` बिल्ड करते आणि त्या नऊंपैकी एक टेस्ट तीनदा चालवते. बिल्डच झालं नाही तर ती 125 परत करते, म्हणजे 'याचं काही सांगता येत नाही, दुसरा दाखव.' वेगवेगळ्या माणसांचं काम एकमेकांत अडकलेलं असतं तिथे असे अर्धवट कमिट सापडतातच. 125 परत करायचं विसरलं, तर न झालेलं बिल्डही नापास धरलं जातं आणि शोध भलत्याच घरात शिरतो. एकेका फेरीला वीस मिनिटं. दोन तासांनी पडद्यावर एक हॅश, म्हणजे कमिटचा ओळख क्रमांक, आला आणि पुढे `is the first bad commit`.

त्या कमिटचा मेसेज होता: `Minor cleanup, no functional change`.

आत सतरा फाइलींतल्या मोकळ्या जागा पुसल्या होत्या आणि जाता जाता एका क्वेरीतलं `ORDER BY created_at` काढून टाकलं होतं. घरातला पसारा आवरताना कुणी गॅसचा नॉब काढून ड्रॉवरमध्ये ठेवावा, तसं.

बायसेक्टवरही मी लगेच विश्वास ठेवत नाही. वेगळ्या ब्रँचवर तेवढा एक कमिट रिव्हर्ट केला, नऊही टेस्ट तीनदा चालवल्या, तिन्ही वेळा हिरव्या. मग `is caused by` लावलं. तिकिटात हिरवा बिल्ड, लाल बिल्ड, हॅश, रिव्हर्टचा निकाल, डेटाबेस, सगळं लिहिलं. अर्ध्या तासात स्टेटस `Cannot Reproduce` झालं आणि ते माझ्या टेबलाशी आले. ते म्हणजे मायनर क्लीनअपवाले.

'अगं, माझ्या मशीनवर चालतंय की.'

'तुझ्या मशीनवर डेटाबेस कोणता आहे?'

'एस्क्यूलाइट. पण त्याने काय फरक पडतो?'

फरक पडतो तो असा. `ORDER BY` नसेल तर ओळी कोणत्या क्रमाने येतील याचं वचन कुणीच दिलेलं नसतं. एस्क्यूलाइट साधारण रो-आयडीच्या क्रमाने टेबल वाचतो, त्यामुळे नोंद बदलली तरी तिची जागा तीच राहते. रात्रीचा रन पोस्टग्रेसवर चालतो. तिथे नोंद अपडेट केली की तिची नवी प्रत लिहिली जाते आणि वाचताना ती सहसा मागे पडते. आमची टेस्ट पहिल्या नोंदीचं स्टेटस बदलून मगच एक्स्पोर्ट करते. हे सगळं मी त्याला कागदावर चौकोन काढून दाखवलं. तो मन लावून ऐकत होता. मग म्हणाला, 'पण मेसेजमध्ये स्पष्ट लिहिलंय ना, नो फंक्शनल चेंज.'

'लिहिलंय रे. पण झालाय ना चेंज.'

'तो माझा हेतू नव्हता.'

'लिंक हेतूची नाहीये.'

'तरी कॉज्ड बाय म्हणजे फारच होतं गं. कॉज पोस्टग्रेस आहे. मी फक्त तिथे होतो.' आणि जाता जाता, 'तू टेस्टमध्येच सॉर्ट करून घे ना, सोपं आहे.'

आता रिपोर्टने क्रमाचं वचनच दिलं नसतं, तर मी टेस्ट सैल केली असती; अशी टेस्ट खरंच चुकीची असते. पण 'जुनी नोंद आधी' हे रिपोर्टच्या स्पेकमध्ये लिहिलंय. टेस्टमध्ये सॉर्ट केलं असतं, तर टेस्ट हिरवी झाली असती आणि उलटसुलट रिपोर्ट गिऱ्हाइकाच्या हातात पडला असता. तेव्हा रिपोर्टर म्हणून तिकिटावर नाव कुणाचं, तर माझं. 'हे टेस्टिंगमध्ये कसं सुटलं?'

रात्री नऊला लिंक बदलली. म्हणजे तो आता गुन्हेगार नाही, नुसता नातेवाईक आहे.

आज सकाळी रन हिरवा आला. `ORDER BY` परत आलंय. त्या कमिटचा मेसेज मी मुद्दाम उघडून पाहिला: `Minor improvement`.

लिंक अजून `relates to` आहे. कॅलेंडरवालं तिकीट मात्र त्याने स्वतःहून उघडलं, वाचलं आणि मला असाइन केलं.