पाळी पुन्हा माझीच!

परळच्या खोलीत आम्ही तिघं. पहाटे नळाला पाणी आलं की पिंप भरायचं, ओला-सुका कचरा खाली न्यायचा. आठवड्याची पाळी, रविवारी रात्री मोबाइलवर आठवण. पण ती लावणाऱ्याने वर्षातल्या आठवड्याचा क्रमांक ३ ने भागलाय: बाकी १ उरली की मी. ५२ ला भागा, बाकी १. नव्या वर्षाचा पहिला आठवडा, बाकी परत १! लागोपाठ दोन आठवडे मीच उठायचं, वर "मोबाइल सांगतोय ना" ऐकायचं. ५३ आठवड्यांचं वर्ष आलं, की बाकी शून्यवाला सुटतोच! अरे, एक सोमवार पक्का धरा, तिथून गेलेले आठवडे मोजत राहा आणि तो आकडा भागा. किती वेळा सांगायचं?