आहेत सातशे, हवेत आठशे

आमच्या सोसायटीच्या गणपतीपुढे आलेल्या वस्तूंचा लिलाव अनंत चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी होतो आणि त्यातून जमणारे पैसे जवळच्या पालिका शाळेतील मुलांच्या वह्या-दप्तरांना जातात. गेल्या वर्षी लिलाव पुकारण्याचे काम माझ्या गळ्यात पडले, कारण समितीच्या ज्या बैठकीत ते ठरले त्या बैठकीला मी गैरहजर होतो. बँकेत बत्तीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाला आकडे नीट बोलता येतात, अशी समितीची समजूत होती.

पहिली वस्तू होती देवापुढचा नारळ. मी घसा साफ करून त्या नारळाचे माहात्म्य सांगितले आणि एक हजार एक रुपयांपासून बोली मागितली. सभागृहात पंख्यांचा आवाज ऐकू येऊ लागला. मी सातशे एकवर आलो, मग पाचशे एकवर, मग अडीचशे एकवर, आणि प्रत्येक उतरणीला समोरची मंडळी अधिकच निवांत होत गेली, कारण थांबले तर भाव आणखी उतरतो हे मीच त्यांना शिकवत होतो. शेवटी पहिल्या रांगेतील एका आजींनी माझी दया येऊन "अकरा" म्हटले आणि तो नारळ एक्कावन्न रुपयांना गेला. अठ्ठावीस वस्तूंना दोन तास चाळीस मिनिटे लागली. शेवटच्या वस्तूच्या वेळी माझ्यासमोर खजिनदार होते आणि स्पीकर परत न्यायला आलेला मुलगा होता.

माझ्या पत्नीचे मामा नाशिककडच्या एका बाजार समितीत कांद्याचे लिलाव पुकारून निवृत्त झाले आहेत. त्यांनी माझा व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला आणि अतिशय अदबीने विचारले, "जावईबापू, तुम्ही नारळ विकत होतात की माफी मागत होतात?"

यंदाच्या श्रावणात त्यांनी माझी शिकवणी घेतली. मला वाटत होते की पुकारा म्हणजे भरभर बोलणे. मामांच्या मते भरभर बोलणारा पुकारा ऐकणाऱ्यांना आवडतो, पण बोली लावणाऱ्याला त्यातले काही कळत नाही आणि ज्याला कळत नाही तो हात वर करत नाही. पुकाऱ्यात एका वेळी दोनच आकडे असावेत, एक हातात आलेला आणि एक हवा असलेला. आलेला आकडा एकदा सांगावा, हवा असलेला तीनदा. "आहेत सातशे, हवेत आठशे, आठशे कोण म्हणतं, आठशे!" असे म्हटले की ऐकणाऱ्याला सातशे जुने वाटू लागतात. मधले शब्द श्वास घेण्यासाठी असतात, त्यांत अर्थ नसला तरी चालतो. मी मात्र गेल्या वर्षी "आहेत सातशे, फक्त सातशे, अहो सातशेच" असा घोष करत होतो, म्हणजे मिळालेल्या भावाचीच जाहिरात करत होतो.

दुसरा धडा शुभ रुपयाचा. एकशे एक, एकशे एक्कावन्न, दोनशे एक असे पुकारताना जीभही अडखळते आणि हिशेबही. म्हणून पुकारा सरळ आकड्यांत करायचा आणि वरचा एक रुपया पावतीत घालायचा. पाचशेपर्यंत पन्नासाची पायरी, पुढे शंभराची, आणि पायरी बदलली की ती मोठ्याने सांगायची. बोली अडली तर पायरी अर्धी करायची. इथे आपली भाषा फार कामाला येते. आठशेला नकारार्थी मान हलवणारा माणूस "साडेसातशे तरी?" या प्रश्नाला हमखास पाघळतो, कारण साडेसातशे हा शब्द उच्चारायला आठशेपेक्षा मोठा असला तरी ऐकायला स्वस्त वाटतो. मामांनी "पावणेआठशे"चाही सराव करून घेतला, पण ते शस्त्र संध्याकाळी एकदाच काढायचे अशी ताकीद दिली, नाहीतर लोक सगळीकडेच पाव मागू लागतात.

यंदा मी नारळ शंभरावर उघडला. शंभराला नऊ हात वर आले. मामा पहिल्या रांगेत बसून गुडघ्यावर बोटांनी ठेका धरत होते. पाचशेपर्यंत चार जण उरले, सातशेला दोन, तिथे बोली अडली, साडेसातशेने सुटली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त प्राध्यापकांनी एक हजार म्हटले. उजवीकडे महिलांच्या रांगेतून सी विंगच्या वहिनींनी अकराशे केले. डावीकडे मागे दाराजवळून बाराशे आले. मग उजवीकडून तेराशे, दारातून चौदाशे, आणि मी दोन्हींकडे आळीपाळीने माना वळवत इतका रंगात आलो की सतराशेला "एकवार" म्हणेपर्यंत दारातला हात वहिनींच्याच यजमानांचा आहे हे माझ्या ध्यानात आले नाही. ते नुकतेच ऑफिसातून आले होते आणि देवाचा नारळ घरी न्यायचाच, या बायकोच्या सकाळच्या सूचनेचे निष्ठेने पालन करत होते.

सभागृह हसू लागले. ए विंगच्या वकील साहेबांनी उठून 1930 च्या माल विक्री कायद्याचे कलम 64 सांगितले की हातोडा पडेपर्यंत किंवा रिवाजाप्रमाणे विक्री जाहीर होईपर्यंत कोणालाही आपली बोली मागे घेता येते, आणि आपल्याकडे तो रिवाज म्हणजे "तीनवार". वहिनींनी बोली लगेच मागे घेतली. यजमानांनीही घेतली. खजिनदार माझ्याकडे पाहून डोळ्यांनी "तीनवार म्हणा" असे विनवत होते, पण आता म्हणायचे तरी कोणाच्या नावाने? मामा बसल्या जागेवरून म्हणाले, "बाहेरच्या माणसावर शेवटची बोली कोणती चढली होती, तिथं या."

ती वहिनींची अकराशेची होती. वहिनींनी मान डोलावली. मी बोली तिथून पुन्हा उघडत असल्याचे जाहीर केले. प्राध्यापकांना एवढ्या वेळात धीर आला होता, त्यांनी बाराशे म्हटले. वहिनींनी तेराशे म्हटले आणि नवऱ्याकडे असे पाहिले की ते दाराबाहेर गेले. "एकवार" आणि "दोनवार" लागोपाठ म्हणायचे, मग थांबायचे आणि जिंकणाऱ्याकडे नव्हे तर हरणाऱ्याकडे पाहायचे, हे मी घोकले होते. प्राध्यापकांनी चष्मा काढला. तीनवार. शाळेचे चारशे रुपये बुडाले असे खजिनदारांचे आजही मत आहे. मात्र पुढच्या मोदकांच्या ताटाला, जिथे गेल्या वर्षी दीडशेवर गाडे रुतले होते, तिथे आता फसगत होणार नाही अशा खात्रीने साडेआठशेपर्यंत हात वर येत राहिले.

सत्तावीस वस्तू तासाभरात गेल्या. पैसे जागेवरच घ्यायचे, कारण विसर्जनानंतर बोली कोणालाच आठवत नाही, म्हणून एक मुलगा क्यूआर कोड घेऊन प्रत्येक "तीनवार"मागे धावत होता.

अठ्ठाविसावी वस्तू म्हणून माझ्या हाती भिंतीवरचे घड्याळ आले. मामांचा शेवटचा नियम असा होता की वस्तूचे वर्णन एका वाक्यात करावे आणि ते खरे असावे. मी खोके फिरवले. मागच्या बाजूला माझ्याच अक्षरात "वास्तुशांतीनिमित्त सप्रेम भेट" असे लिहिलेले होते. देणारे शेजारी चौथ्या रांगेत बसून अचानक छताकडे पाहू लागले.

"कोरे घड्याळ आहे," मी म्हणालो, "खोकेसुद्धा उघडलेले नाही. आहेत शून्य, हवेत शंभर."

कोणी बोलेना. मी दुसऱ्यांदा शंभर म्हटले. तेवढ्यात महिलांच्या रांगेतून माझ्या पत्नीचा स्पष्ट आवाज आला, "अहो, शंभर काय, साडेतीनशेला घेतलंय आपण ते!"

मामांनी ठेका थांबवला आणि बोट वर केले. "साडेतीनशे आले, जावईबापू. हवेत चारशे."